जोगलटेंभीचं म्हणून घेतलेलं नहपानाचं नाणं: ओतीव की ठोकीव?

गोदाकाठ

मंडळी, मदत हवी आहे. दोन महिन्यांपूर्वी नाशिकमध्ये एका नाणे प्रदर्शनात मी क्षत्रप राजा नहपानाचं चांदीचं नाणं घेतलं, फोटो टाकले आहेत. एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा आणि त्याच्या नाकागालावर सातवाहन राजा गौतमीपुत्राने नंतर मारलेला तीन कमानींचा चैत्य. दुसऱ्या बाजूला वज्र आणि बाण, त्यावर उज्जैन चिन्हाच्या चार वर्तुळांपैकी दोन पूर्ण दिसतात. विक्रेता म्हणाला, जोगलटेंभीच्या साठ्यातलं आहे.

माझं आजोळ सिन्नर तालुक्यातलं. जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर नाणी सापडली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहनांनी आपला छाप मारला होता, हे लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे हे नाणं हातात आल्यावर फार आनंद झाला होता.

पण आता शंका येते. वजन १.८७ ग्रॅम भरतं, व्यास साडेपंधरा मिलिमीटर. अक्षरं वाचता येतात, पण लोण्यात बोट फिरवल्यासारखी गुळगुळीत वाटतात. कडेला एक चीर आहे, ती बघून मी अस्सल समजून घेतलं होतं, कारण नकली नाण्याला कोण कशाला चीर पाडेल असं वाटलं. हे नाणं ओतून केलंय की ठशाने ठोकलंय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? दहापट भिंग आहे माझ्याकडे.

निशिगंधा_के

सोपं आहे. कडेवर सगळीकडून फिरणारी बारीक रेघ दिसते का बघा. दोन अर्ध्या साच्यांच्या सांध्याची रेघ असते ती. दिसली तर नकली, नाही दिसली तर अस्सल. आणि नहपानाची नाणी सव्वादोन ग्रॅमच्या पुढे असतात, तुमचं १.८७ म्हणजे मला तर आत्ताच नकली वाटतंय.

टांकसाळ

निशिगंधाताई, सांध्याची रेघ दिसली तर संशय घ्यायचा हे बरोबर. पण नाही दिसली म्हणून अस्सल म्हणता येत नाही. ओतणाऱ्याला ती रेघ आपल्याआधी दिसते आणि तो ती कानसीने घासून टाकतो. म्हणून कडेवर रेघ शोधण्याऐवजी घासल्याच्या खुणा शोधा. कडेच्या एखाद्या भागावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे, किंवा एखादा तुकडा बाकीच्या कडेपेक्षा सपाट आणि चकचकीत.

उलट, रेघ किंवा गाठ दिसली म्हणून नाणं नकलीच असंही नाही. जेरुसलेमचा प्राचीन ज्यू राजा अलेक्झांडर जॅनियस याची तांब्याची छोटी नाणी पाहा. त्यांच्या कोऱ्या चकत्या चुनखडीच्या दगडातल्या साच्यांत माळेसारख्या ओतायचे, मग तोडून त्यांवर ठसा मारायचे. त्यामुळे अस्सल नाण्यालाही ओतीव कड आणि तोडलेला दांडा असतो. चकती ओतलेली आणि छाप ठोकलेला. आपण प्रश्न छापाबद्दल विचारतोय, हे लक्षात ठेवायला हवं.

वजनाचं म्हणाल तर या प्रकारात साधारण दोन ते अडीच ग्रॅमच्या आत नाणी मिळतात, पण झिजलेलं, जमिनीत चांदी खाल्ली गेलेलं नाणं त्याखाली उतरतं. १.८७ कमी आहे, त्यावरून निकाल देण्याइतकं कमी नाही.

गोदाकाठ, तुमच्या नाण्यात सगळ्यात उपयोगी गोष्ट ती चीरच आहे. तुम्ही ज्वारीची भाकरी थापताना पाहिली असेल. मध्ये दाब पडतो, पीठ कडेकडे सरकतं, आणि कड ताणली की तिथे चिरा पडतात. ठशाखाली चांदीचं तेच होतं. त्यात तुमचं नाणं दोनदा ठोकलेलं, म्हणजे एकदा ताठर झालेल्या चांदीला परत ताणलंय. अशा चिरेच्या दोन्ही बाजू फाटल्यासारख्या, टोकदार असतात. चीर आत निमुळती होत जाते, आणि भिंगातून तिचा तळ सापडत नाही, नुसता अंधार दिसतो.

नकली नाणं करणाऱ्याने चीर मुद्दाम पाडलेली नसते. त्याने अस्सल नाण्याचा साचा घेतला, त्या नाण्याला चीर होती, तिचा आकार साच्यात उतरला. पण साच्याची माती किंवा रबर चिरेच्या तळापर्यंत जात नाही. म्हणून नकलेत चिरेऐवजी गोल तळाची घळ दिसते, कडा बोथट, आणि घळीच्या तळाचा रंग व पोत बाहेरच्यासारखाच. भिंगाखाली धरून टाचणीचं टोक हलकेच चिरेवर आणा, आत घालू नका, फक्त तुलना करा. टाचणीपेक्षा रुंद, उथळ आणि तळ दिसतोय? मग तिथेच प्रश्न बराचसा सुटतो.

वैशाली_पुणे

माझ्याकडे आजोबांच्या डब्यातली सहा शिवराई आहेत. मागच्या दिवाळीत चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख केली. आता भिंगातून बघते तर सगळीकडे बारीक खड्डे दिसताहेत. म्हणजे ओतीव आहेत का? किंमत किती येईल?

टांकसाळ

वैशालीताई, आजोबांच्या डब्यातली आहेत तर बहुतेक अस्सलच असणार. शिवराई बाजारात इतकी मिळते की तिची साधी नक्कल करण्यात कोणाला फारसं काही मिळत नाही. खड्ड्यांचं कारण घासणं आहे. तांब्यावर शेकडो वर्षांत जो थर बसतो तो आतून खात खाली गेलेला असतो. चिंचेच्या आंबटाने थर निघाला की खालचे खड्डे उघडे पडतात. आता परत घासू नका.

पण तुमचा प्रश्न या धाग्याच्या कामाचा आहे. जमिनीने खाल्लेला खड्डा वेडावाकडा असतो, एकातून दुसरा फुटतो, तळ खरबरीत असतो. ओतताना अडकलेल्या हवेचा खड्डा सुईने टोचल्यासारखा गोल, भिंती गुळगुळीत, आणि बहुधा एकेकटा. त्याहून बोलकी खूण म्हणजे वर आलेले बारीक मणी. साच्याच्या मातीत बुडबुडा राहिला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर गोल मणी उठतो. असे मणी अक्षरांच्या कोपऱ्यात, जिथे घासायला हत्यार पोचत नाही, तिथे टिकून राहतात. मात्र ठशालाच गंज चढला असेल तर ठोकलेल्या नाण्यावरही उंचवटे येतात, तेव्हा दोन मणी दिसले म्हणून लगेच निकाल देऊ नका.

गोदाकाठ

सांगितल्याप्रमाणे रात्री खिडकीजवळ दिवा आडवा ठेवून पाहिलं. चीर साधारण घड्याळात चार वाजतात त्या जागी आहे. टाचणी शेजारी धरली. प्रामाणिकपणे सांगतो, तळ दिसतो. तळाशी तोच काळपट थर आहे जो बाहेर आहे. कडेवर चिरेच्या समोरच्या बाजूला, दहा वाजण्याच्या जागी, दोन मिलिमीटरचा सपाट तुकडा चमकतो. त्यावर आडवे ओरखडे आहेत.

मणी सापडले नाहीत. एक-दोन गोल खड्डे आहेत, पण चैत्याच्या कमानीत.

ठोकलेल्या नाण्यावर धातू सरकल्याच्या रेषा, म्हणजे फ्लो लाइन्स, असतात असं वाचलं होतं, त्या काही कळल्या नाहीत. कुठे आणि कशा बघायच्या?

सराफकट्टा

मी नाण्यांचा जाणकार नाही, पण आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचं ओतकाम आहे, तेव्हा समोरच्या बाजूने सांगतो. दहा वाजण्याचा सपाट तुकडा म्हणजे दांडा तोडलेली जागा असावी. धातू साच्यात जिथून शिरतो तिथे दांडा राहतो, तो कापून कानसीने घासावाच लागतो. आम्ही अंगठीत तो दिसणार नाही अशा जागी ठेवतो, नाण्यात कडेशिवाय जागाच नसते.

आता आकुंचन. चांदी ओतल्यावर थंड होताना लांबीत दोन टक्क्यांच्या आतबाहेर आवळते. आमच्याकडे वस्तूवरून रबराचा साचा, रबरातून मेण, मेणावर पावडरीचा साचा, त्यात धातू अशी पद्धत आहे. रबरही थोडं आवळतं, मेणही आवळतं. म्हणजे नक्कल मूळ नाण्यापेक्षा थोडी लहान निघते, आणि दर पायरीला धार मरते. तुम्हाला अक्षरं लोण्यासारखी वाटली त्याचं कारण हेच असावं.

चांदी आहे का हे बघायचं तर कसोटीवर घासू नका, नाण्याला जखम होईल. पाण्यात वजन करा. वजनकाट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तितकं पाणी नाण्याने बाजूला सारलं. हवेतलं वजन भागिले तो आकडा. शुद्ध चांदीचं १०.४९ येतं, तांब्याचं ८.९६. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर नाण्याला बुडबुडे चिकटून आकडा चुकतो.

टांकसाळ

सराफकट्टा, ओतकामाची बाजू तुमच्याइतकी नीट इथे कोणी सांगितली नसती. सपाट तुकड्याबद्दल एक पुस्ती. अस्सल चकतीचं वजन जुळवायला टांकसाळीतही कड कापत किंवा घासत असत. पण ते काम ठसा मारण्याआधी व्हायचं, म्हणून नंतरच्या ठोक्याने तो भाग थोडा फुगतो, वाकतो, आणि वरचा थर त्याच्यावरही सारखाच बसतो. इथे तो तुकडा चमकतोय, म्हणजे घासणं अलीकडचं आहे. तेवढ्यावरून ते घासणं दांड्याचंच होतं असं ठरत नाही. कोणी चांदी तपासायलाही कड घासतं.

फ्लो लाइन्स पुन्हा भाकरीवरूनच सांगतो. भाकरी थापल्यावर तिच्यावर बोटांच्या ओढीच्या रेषा उमटतात, मधून कडेकडे जाणाऱ्या. ठशाखाली चांदी सरकते ती ठशाच्या पृष्ठभागाला घासत सरकते. हजारो नाणी मारली की ठशावरच कडेकडे जाणारे बारीक चर पडतात, आणि ते पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतात. त्या रेषा मधल्या चित्रात शोधू नका. अक्षरांच्या बाहेरच्या टोकापासून कडेपर्यंतची मोकळी जागा बघा. अक्षराच्या पायाशी त्या सगळ्यात ठळक असतात, जणू अक्षर बाहेरच्या बाजूला ओढलं गेलंय. दिवा अगदी आडवा, जवळजवळ टेबलाला टेकलेला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. प्रकाश रेषांना आडवा आला की त्या क्षणभर उजळतात आणि फिरवलं की विझतात. ओतीव नाण्यात ही मोकळी जागा मुकी असते, कसंही फिरवा, सारखीच मंद चमकते.

एक सावधगिरी. रेषा दिसल्या म्हणजे नाणं अस्सल, असं अनेकजण मानतात. ते खरं नाही. रेषा एवढंच सांगतात की धातू ठशाखाली सरकला. आजचा कारागीर नवा ठसा कोरून किंवा अस्सल नाण्यावरून ठसा उतरवून चांदीच्या चकतीवर ठोकू शकतो. त्यात चिराही खऱ्या पडतात. अशा नाण्याला भिंग फार मदत करत नाही.

एक_वाटसरू

माफ करा, पण मला मुळातच प्रश्न पडलाय. प्राचीन नाणी ओतायचे नाहीत का? पाटण्याच्या संग्रहालयात मी ओतीव नाणी पाहिली आहेत. मग ओतीव म्हणजे नकली हे समीकरण कशाला?

टांकसाळ

समीकरण तसं नाहीच, आणि तुम्ही ते विचारलंत हे बरं झालं. कौशांबी, अयोध्या भागातली तांब्याची जुनी नाणी सरळ ओतूनच केलेली आहेत. हरियाणात रोहतकजवळ खोकराकोटला बीरबल साहनींना यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे मिळाले, १९४५ साली त्यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. एका चकतीत अनेक नाण्यांचे खळगे, मधून धातूचा रस्ता, अशा चकत्या एकावर एक रचलेल्या. माणूस पुरावनस्पतीचा अभ्यासक, पण त्या साच्यांचा अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे.

प्रश्न असा असतो की हा विशिष्ट प्रकार मुळात कसा केला जायचा. नहपानाची चांदीची नाणी ठोकलेली आहेत. त्यावर गौतमीपुत्राचा छाप तर दुसऱ्या कोणत्या प्रकारे येऊच शकत नाही, छाप मारणं म्हणजेच ठोकणं. म्हणून या प्रकारात ओतीव नाणं संशयास्पद. यौधेयांच्या बाबतीत तेच वाक्य मी बोलणार नाही.

एक_वाटसरू

पण त्या काळातच कोणी खोटी नाणी ओतली असतील तर? मग ते ओतीव असूनही प्राचीनच.

टांकसाळ

शक्यता आहे, नाकारत नाही. त्या काळचं बनावट नाणं आजच्या नकलेपासून वेगळं काढायचं तर धातूची रचना आणि जमिनीत झालेला बदल बघावा लागतो, आणि ते प्रयोगशाळेचं काम. एवढं नक्की की त्या काळच्या बनावट करणाऱ्याला चालू, गुळगुळीत न दिसणारं नाणं हवं असणार, बाजारात खपायला. छापावर छाप असलेलं, आधीच शंकास्पद दिसणारं नाणं नकलेसाठी निवडण्याचं कारण मला सुचत नाही. आजच्या ग्राहकाला मात्र तेच हवं असतं.

गोदाकाठ

पाण्यातलं वजन केलं. माझा काटा दोन दशांश स्थळांचा आहे. हवेत १.८७, पाण्यात ०.२१. भागाकार ८.९. तांबंच निघालं! वर चांदीचा मुलामा असणार. जुन्या काळी तांब्यावर चांदी चढवून नाणी करायचे असं वाचलं होतं, तसं असेल का हे?

सराफकट्टा

थांबा, इतक्यात तांबं म्हणू नका. काटा ०.२१ दाखवतो तेव्हा खरं माप ०.२० असू शकतं किंवा ०.२२. पहिल्यात उत्तर ९.३५ येतं, दुसऱ्यात ८.५. एवढ्या लहान नाण्याला दोन दशांशांचा काटा पुरत नाही. अकरा-बारा ग्रॅमच्या चांदीच्या रुपयाला चालतो, दोन ग्रॅमला नाही. एखाद्या सराफाकडे तीन दशांशांचा काटा असेल तिथे जा, आणि तीनदा मोजा. दर वेळी नाणं बाहेर काढून पुसून परत बुडवा.

निशिगंधा_के

टेबलावर टाकून आवाज ऐका ना. चांदी खणखणते.

सराफकट्टा

ताई, चीर असलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं. आणि जुनी, जमिनीत राहिलेली चांदी कधी कधी इतकी ठिसूळ झालेली असते की टाकल्यावर दोन तुकडे होतात. टाकू नका.

गोदाकाठ

जाऊन आलो. ओळखीच्या दुकानात तीन दशांशांचा काटा होता. हवेत १.८७२. पाण्यात तीन वेळा ०.२१८, ०.२२० आणि ०.२१९. सरासरी घेतली तर ८.५५.

म्हणजे तांब्यापेक्षाही कमी. हे कसं?

सराफकट्टा

आता बोलता येतं. चांदी आणि तांबं कोणत्याही प्रमाणात मिसळा, उत्तर १०.४९ आणि ८.९६ यांच्यामध्येच येणार. तांब्यावर चांदीचा मुलामा असला तरी तांब्याच्या वरच राहणार. ८.५५ खाली आहे. मग दोनच वाटा. एक, धातूत हलकं काहीतरी आहे. आम्ही ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो, तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण, ते याच घरात बसतं, आणि त्यात चांदी औषधालाही नसते. दोन, आत पोकळ्या आहेत. घाईने ओतलं की हवा अडकून राहते.

टांकसाळ

तिसरी वाट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. जमिनीत फार खाल्ल्या गेलेल्या अस्सल चांदीतही आत पोकळ्या होतात आणि आकडा घसरतो. पण अशा नाण्याची कड भुसभुशीत दिसते, चिरेत स्फटिकासारखे दाणे चमकतात. गोदाकाठ यांनी चिरेच्या तळाशी बाहेरच्यासारखाच काळपट थर सांगितला आहे, दाणे नाहीत. तरी केवळ पाण्यातल्या वजनावर मी सही करणार नाही.

देशावरचा_मी

मी लंडनमध्ये राहतो, ग्रीक नाणी जमवतो. अथेन्सचं घुबडाचं चार द्राख्मांचं नाणं, सव्वासतरा ग्रॅमचं, त्याच्या नकला इतक्या आहेत की आम्ही भिंगाआधी एक काम करतो, जुने विक्रीचे फोटो चाळतो. त्याच सवयीने गोदाकाठ यांच्या नाण्याचे फोटो डोळ्यासमोर ठेवून तीन संध्याकाळी नहपानाचे फोटो बघत बसलो.

एक सापडलं. काही वर्षांपूर्वीच्या विक्रीतलं. चैत्याची डावी कमान राजाच्या नाकपुडीवर, बरोबर तिथेच. चीर चार वाजता. उज्जैन चिन्हाचं तिसरं वर्तुळ अर्धं कडेबाहेर. दोन्ही फोटो शेजारी ठेवून फिरवले, तंतोतंत जुळतात. वजन मात्र तिथे २.०५ दिलंय. म्हणजे तुमचं नाही, दुसरं आहे. मला वाटतं तेच मूळ अस्सल आणि तुमचं त्याची नक्कल.

टांकसाळ

मित्रा, तीन संध्याकाळ घालवल्याबद्दल मनापासून आभार. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण या प्रकारच्या नाण्याला ही सगळ्यात पक्की कसोटी आहे.

साध्या नहपानाच्या नाण्यात एकाच ठशाची दोन नाणी मिळणं नवल नाही, ठसा तोच तर चित्र तेच. पण दोन्हींच्या चकत्यांचा आकार वेगळा असणार, चित्र थोडं इकडेतिकडे सरकलेलं असणार. आता छापावर छाप मारलेलं नाणं घ्या. पहिल्या टांकसाळीत कोणीतरी चकती ठेवून ठोकलं. काही वर्षांनी सातवाहनांच्या माणसाने तेच नाणं उचललं, हाताला येईल तसं ठेवलं आणि चैत्य मारला. कधी तो चैत्य डोळ्यावर पडला, कधी मानेवर, कधी उलटा. खालचा छाप आणि वरचा छाप यांची ही जुळणी दुसऱ्या नाण्यात त्याच कोनात, त्याच अंतरावर आणि त्याच चिरेसह पुन्हा येणं अशक्य आहे. म्हणून अशी दोन नाणी मिळाली की त्यांतलं निदान एक तरी साच्यातून आलं आहे. भिंग, पाणी, वजन यांवर वाद होऊ शकतो, यावर नाही.

आणखी एक बघा. अस्सल पुनर्मुद्रित नाण्यात दोन छापांची धार वेगवेगळी असते. वरचा चैत्य ठणठणीत, आणि त्याच्याखाली राजाचं नाक दबलेलं, बाजूला ढकललेलं. नक्कल ओतताना दोन्ही एकदम साच्यात उतरतात आणि दोन्हींची धार सारखीच मरते. गोदाकाठ, तुमच्या फोटोत चैत्य आणि नाक एकाच मऊपणाचे दिसतात. मला पहिल्या दिवशी तेच खटकलं होतं, पण फोटोवरून बोलायचं नव्हतं.

आता ‘ते मूळ आणि हे नक्कल’ याबद्दल. गोदाकाठ यांच्या नाण्याने ०.२१९ ग्रॅम पाणी सारलं, म्हणजे आकारमान ०.२१९ घन सेंटिमीटर. २.०५ ग्रॅमचं नाणं चांगल्या चांदीचं, समजा १०.३ चं असतं, तर त्याचं आकारमान ०.१९९ आलं असतं. म्हणजे नक्कल आईपेक्षा मोठी! सराफकट्टा म्हणाले तशी ती आवळून लहान व्हायला हवी होती.

सराफकट्टा

अगदी बरोबर. लांबीत दोन टक्के आवळलं तर आकारमानात पाच-सहा टक्के जातात. मागे हिशेब केला तर ०.२१९ ची आई ०.२३ ची हवी. चांदीची असली तर तिचं वजन २.३७ च्या आसपास येतं. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, साच्याचे दोन भाग नीट बसले नाहीत तर वस्तू जाड येते. तेव्हा २.०५ वालं आई असणं अगदीच अशक्य नाही. गोदाकाठ, जाडी मोजलीत का?

गोदाकाठ

व्हर्नियर आणला. जाडी मधे १.३, कडेला १.१. पण समोरच्या नाण्याची जाडी विक्रीच्या पानावर दिलेली नाही, आणि व्यास सोळा लिहिलाय, तो पूर्ण आकडा असल्याने उपयोग नाही.

टांकसाळ

मग इथे थांबावं लागतं. माझा कल असा की ती दोन्ही भावंडं आहेत आणि आई कुठेतरी तिसरीकडे, सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या दरम्यानची. पण त्या दुसऱ्या नाण्याची कड पाहिल्याशिवाय ते बोलणं कच्चं आहे. त्या फोटोत चीर काळी दिसते की राखाडी, हे मोठं करून पाहिलं तरी मला कळत नाही.

देशावरचा_मी

मला ती काळी वाटते. आत अंधार आहे असं वाटतं. मी माझं म्हणणं सोडत नाही.

वैशाली_पुणे

गोदाकाठ, पैसे परत मिळाले का? आणि माझ्या शिवराईंवर तेल लावू का?

टांकसाळ

वैशालीताई, तेल नको, धूळ चिकटते. कोरड्या कागदी पाकिटात एकेक वेगळी ठेवा.

गोदाकाठ

विक्रेत्याला फोटो पाठवले. तो म्हणतो, मलाही असंच आलं होतं. अर्धी रक्कम द्यायला तयार आहे, नाणं परत द्या म्हणतो. मी परत देणार नाही असं ठरवलं आहे, कारण ते पुढच्या माणसाला जाईल. पाकिटावर ‘ओतीव, विशिष्ट गुरुत्व ८.५५’ असं लिहून ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात जाऊन खरी पुनर्मुद्रित नाणी डोळ्यांनी बघून येणार, फ्लो लाइन्स एकदा खऱ्याखुऱ्या बघायच्या आहेत.

अजून एक सांगायचं राहिलं. त्याच दिवशी त्याच माणसाकडून मी नहपानाचं दुसरं, छाप न मारलेलं नाणंही घेतलं होतं. २.२१ ग्रॅम. आता त्याच्याकडे बघायचीही भीती वाटते.

टांकसाळ

आधी पाण्यातलं वजन करून घ्या, त्याच तीन दशांशांच्या काट्यावर. मग चेहऱ्याचा फोटो नको, कडेचे चार फोटो टाका, बारा, तीन, सहा आणि नऊ वाजण्याच्या जागांचे, दिवा आडवा ठेवून. आणि ग्रीक अक्षरांच्या बाहेरच्या मोकळ्या जागेचा एक.

गोदाकाठ

शनिवारी टाकतो.